शोधनिबंधासोबत संपादकाला पत्र कसं लिहावं

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवताना सोबत एक पत्र जोडावं लागतं. बरेच जण ते शेवटच्या पाच मिनिटांत जुन्या पत्रावरून उतरवून काढतात. मीही तसंच केलं होतं आणि आधीच्या नियतकालिकाचं नाव पत्रात तसंच राहिलं. लेख दोन दिवसांत परत आला. म्हणून नमुना हाताशी ठेवा, पण संपादकाचं आणि नियतकालिकाचं नाव दर वेळी संकेतस्थळावरून पाहून नव्याने टाका. संपादक बदललेले असतात.

पहिला परिच्छेद दोन ओळींचा पुरे. लेखाचं शीर्षक, प्रकार (संशोधन लेख, टिपण की समीक्षा) आणि तो विचारार्थ पाठवत आहोत, एवढंच त्यात येऊ द्या.

यानंतर लेखाचं योगदान सांगायचं. इथे सारांश चिकटवण्याची चूक सर्रास होते. सारांश संपादकासमोर असतोच. पत्रातून त्याला एवढंच कळायला हवं, की हा लेख छापला तर वाचकाला आधी ठाऊक नसलेलं काय मिळेल.

उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतल्या एका महाविद्यालयातल्या मॅडमनी हरिपूरच्या पेवांवर लेख लिहिला आहे. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल तळघर. २००५ च्या महापुरात ही पेवं खराब झाली हे सांगलीत कुणीही सांगेल. मॅडमच्या कच्च्या पत्रात होतं, ‘या महत्त्वाच्या विषयावर प्रथमच सखोल अभ्यास केला आहे.’ यातून संपादकाच्या हाती काहीच लागत नाही. उलट ‘प्रथमच’ वाचून तो आधीचं काम शोधायला लागतो आणि एखादा जुना लेख सापडला की लेखिकेवरचा विश्वास तिथेच उडतो.

दुरुस्त केल्यावर तोच मजकूर असा झाला (निष्कर्ष अर्थातच उदाहरणापुरता): ‘पेवांचा वापर महापुरामुळे थांबला असं मानलं जातं. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या आणि पेवमालकांच्या मुलाखती यांवरून आम्ही दाखवतो, की हा वापर पुराच्या आधीच घटू लागला होता. अभ्यास एका गावापुरता आहे.’ आधीची समजूत, नवी गोष्ट, पुरावा आणि मर्यादा, सगळं तीन वाक्यांत आलं. मर्यादा आपणच सांगितली की संपादकाला ती हुडकावी लागत नाही.

हा लेख याच नियतकालिकाला का, हे पुढे एका वाक्यात सांगा. त्यांच्या विषयकक्षेतला नेमका धागा पकडा. ‘आपल्या नामांकित नियतकालिकात’ वगैरे नको.

आता प्रतिज्ञेचं वाक्य: ‘हा लेख यापूर्वी प्रकाशित झालेला नाही आणि सध्या अन्य कोणत्याही नियतकालिकाच्या विचाराधीन नाही. सर्व लेखकांनी तो वाचून संमती दिली आहे.’ लिहायला सोपं आहे, पण आपल्याकडे ते नकळत खोटं ठरतं. मॅडमनी हाच निबंध एका चर्चासत्रात वाचला होता आणि आयोजकांनी तो आयएसबीएन असलेल्या पुस्तकात छापला होता. ते प्रकाशनच झालं! नुसतं वाचन झालं असतं किंवा छोटा गोषवारा छापला असता, तर बहुतेक ठिकाणी चालतं; फक्त ते पत्रात सांगायचं. पण पूर्ण निबंध छापून आला असेल, तर नव्या लेखात काय भर घातली ते स्पष्ट लिहावं आणि आधीचा निबंध सोबत जोडावा. घ्यायचं की नाही ते संपादक ठरवेल. पीएचडीच्या प्रबंधातला भाग असेल तर तेही लिहा. प्रबंध शोधगंगेवर असतो, साम्यतपासणीत तो दिसणारच.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू का, असं हमखास विचारतात, कारण उत्तराला महिनोन् महिने लागतात. पाठवू नये. परीक्षक बहुधा फुकट काम करतात आणि विषय छोटा असला की दोन्ही संपादक एकाच परीक्षकाकडे लेख धाडतात. मग तोच दोघांनाही कळवतो आणि लेख दोन्हीकडून जातो.

कंटाळलात तर आधीच्या नियतकालिकाकडून लेख रीतसर मागे घ्या. लेखाचा क्रमांक घालून मेल करा आणि ‘मागे घेतला’ असं उत्तर येईपर्यंत थांबा. नुसता मेल टाकला म्हणजे लेख मोकळा होत नाही. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी संपादकीय कार्यालयाला पुन्हा लिहा.

शेवटी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचं नाव, महाविद्यालय आणि रोज उघडला जाणारा ईमेल. सगळं मिळून एक पान पुरे. लेखकांची नावं झाकून परीक्षण होत असेल तर पत्र वेगळ्या फाइलमध्ये चढवा. मॅडमनी ते निबंधाच्या पहिल्या पानालाच जोडलं होतं, सहीसकट.