तारकर्लीतील होमस्टेचे दर आणि मनुष्यबळ: माझा अनुभव

तारकर्लीतील आमच्या पाच खोल्यांच्या होमस्टेमध्ये मे महिन्यात माणसे अपुरी पडत आणि जुलैत पगार अंगावर येत, म्हणून जुन्या बुकिंगच्या वह्या काढून मी त्यांची मांडणी तारखांऐवजी सुट्ट्यांनुसार केली. कारण दिवाळी 2023 मध्ये नोव्हेंबरात होती, तर 2025 मध्ये ऑक्टोबरात. महिन्याला महिना ताडून पाहिला असता नसलेली घट दिसली असती.

दुसरे म्हणजे, खोल्या भरल्यानंतर परत पाठवलेल्या चौकशांचीही नोंद ठेवू लागलो, कारण भरलेली वही खरी मागणी दाखवत नाही. नाताळच्या आठवड्यात अशा चौकशा भरपूर निघाल्या, तेव्हा तेथे दर 2,500 वरून 3,200 रुपये केला, तरी खोल्या भरल्याच. पावसाळ्यात स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असल्याने कितीही सूट दिली तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहुणा येत नाही. सवलत फक्त शनिवार-रविवारी लागू पडते. धुलाई, वीज आणि न्याहारी मिळून खोलीमागे सुमारे 600 रुपये जातात, त्यामुळे 1,400 च्या खाली मी उतरत नाही.

आता स्वयंपाकाच्या काकू आणि एक मदतनीस बारमाही आहेत. चौथी खोली बुक झाली की वाडीतील आणखी एक मावशी रोजंदारीवर येतात, मात्र त्यांना चार दिवस आधी सांगावे लागते. चतुर्थीत कोणीच कामाला येत नाही, आणि यायलाही नको. त्या दिवसांचे बुकिंग मी बंदच ठेवतो.