बारा जणांची भिशी: हप्ता बुडाला तर काय, हे आधी ठरवून सुरुवात कशी करावी

भिशीचं गणित साधं असतं. बारा जण, प्रत्येकी महिन्याला 2,000 रुपये, म्हणजे दरमहा 24,000 जमतात आणि ते त्या महिन्याच्या मानकऱ्याला मिळतात. बारा महिन्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. नागपुरात कोणी याला भिशी म्हणतं, कोणी बीसी. मानेवाड्यातल्या फ्लॅट स्कीमपासून हिंगणा एमआयडीसीतल्या शिफ्टपर्यंत पद्धत हीच असते.

मात्र ज्याला भिशी पहिल्याच महिन्यात लागते तो त्या दिवसापासून कर्जदार होतो. त्याने 2,000 भरून 24,000 घेतलेले असतात आणि पुढचे अकरा हप्ते, म्हणजे 22,000 रुपये, त्याच्याकडून यायचे असतात. ज्याची पाळी शेवटी येते तो अकरा महिने बाकीच्यांना उधार देत असतो. भिशीतले सगळे वाद इथून निघतात, म्हणून सगळी तयारीही याच ठिकाणी करायला हवी.

आधी माणसं, मग रक्कम

बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. वीस जणांची भिशी वीस महिने चालते आणि तेवढ्या काळात कोणाची तरी नोकरी, घर किंवा तब्येत बदलतेच. हप्ता असा ठरवा की ज्याची कमाई सगळ्यांत कमी आहे त्यालाही पगार लांबला तरी तो भरता येईल.

शेजाऱ्यांच्या भिशीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि भिशी बारा महिन्यांची. भाडेकरूला घ्यायला काहीच हरकत नाही, पण करार कधी संपतो ते विचारा. सहा महिन्यांनी घर सोडणार असेल, तर त्याची पाळी शेवटच्या तीन महिन्यांत ठेवण्याचं आधीच ठरवा. सहकाऱ्यांच्या भिशीत हाच प्रश्न कंत्राटी कामगारांचा असतो. शिवाय तिथे कंपनीचा पगार थांबला तर बाराही जणांचा हप्ता एकाच महिन्यात अडकतो. त्यामुळे सगळे एकाच कंपनीतले नसलेले बरे. नवरा-बायको किंवा दोन भाऊ अशी दोन नावं एकाच घरातून घेऊ नका. ते घर अडचणीत आलं की दोन हप्ते एकदम बुडतात.

तारीख पगारानंतरची ठेवा. कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा असतो; हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना 2025 पर्यंत 10 तारखेपर्यंतची मुभा होती. त्यामुळे 12 तारीख सोयीची पडते.

तेरावा हप्ता: अनामत

बऱ्याच भिश्यांमध्ये पहिल्या महिन्याची रक्कम भिशी चालवणाऱ्याला देण्याची पद्धत आहे. वही ठेवण्याचा तो मोबदला समजला जातो, पण त्याला मिळतं ते 22,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज. माझं मत स्पष्ट आहे: ही पद्धत सोडा. पहिल्या महिन्याच्या आधी प्रत्येकाकडून एक जादा हप्ता अनामत म्हणून घ्या आणि ते 24,000 रुपये दोन सदस्यांच्या संयुक्त नावावर बँकेत मुदत ठेवीत ठेवा, दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत असे. पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू होत नाही.

रक्कम एका हप्त्याएवढीच का, त्याचा हिशोब सोपा आहे. पहिली भिशी उचलून कोणी लगेच हात वर केले, तरी जास्तीत जास्त 22,000 बुडतील. बारा जणांची अनामत 24,000 आहे. म्हणजे एक माणूस पूर्ण बुडाला तरी कोणाच्याही पाळीला पूर्ण रक्कम मिळते. दोघं एकदम बुडाले तर मात्र ती पुरणार नाही, आणि एका घरातली दोन नावं नकोत ती याचसाठी.

आता हे उदाहरणावर लावून पाहू. समजा तिसऱ्या महिन्यात भिशी उचललेल्या सदस्याने पाचव्या महिन्यापर्यंत हप्ते भरले आणि सहाव्यापासून बंद केले. सात हप्ते राहिले, म्हणजे 14,000 रुपये. अनामत नसेल, तर सहाव्या ते बाराव्या महिन्यात ज्यांची पाळी आहे त्या सात जणांना 24,000 ऐवजी 22,000 मिळतात. ज्या चौघांनी आधीच उचलली आहे त्यांचं काहीच जात नाही. सात जण त्यांना म्हणतात, थोडं तुम्हीही सोसा. चौघं म्हणतात, आम्ही तर आमचे हप्ते भरतोय. दोघांचंही खरं असतं, म्हणून ते भांडण मिटत नाही.

अनामत असेल, तर दर महिन्याला तिच्यातून 2,000 काढून रक्कम पूर्ण केली जाते. शेवटी 10,000 आणि थोडं व्याज उरतं. बुडवणाऱ्याची अनामत जप्त होते आणि उरलेल्या अकरा जणांना प्रत्येकी 909 रुपये परत मिळतात. प्रत्येकाचा तोटा झाला 1,091 रुपये, आणि तो सगळ्यांना सारखा. हा नियम पहिल्या दिवशी, कोणाची चिठ्ठी निघण्याआधी लिहून सह्या घ्या. नंतर ज्यांनी उचलली आहे ते सही करत नाहीत.

भिशी उचलणाऱ्याकडून बाकी हप्त्यांची वचनचिठ्ठीही घेता येते, आणि घ्यावी. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण 14,000 रुपयांसाठी कोर्टाच्या फेऱ्या कोणी मारत नाही, त्यामुळे खरा आधार अनामतीचाच.

चिठ्ठी कशी काढायची

एकाच कागदाच्या बारा सारख्या पट्ट्या कापा, एकाच पेनाने नावं लिहा आणि सगळ्यांसमोर सारख्या घड्या घाला. स्टीलच्या डब्यात टाकून हलवा आणि भिशीत नसलेल्या लहान मुलाला काढायला सांगा. त्यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते: डब्यात उरलेल्या चिठ्ठ्याही उघडून दाखवा. एकच नाव दोनदा टाकलं असेल किंवा कोणाची चिठ्ठी टाकलीच नसेल, तर ते फक्त इथेच कळतं. निघालेली चिठ्ठी वहीच्या त्या महिन्याच्या पानावर चिकटवून खाली रक्कम घेणाऱ्याची सही घ्या.

नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये कूलर आणि वर्षाचं धान्य, तर जूनमध्ये शाळेचा खर्च, म्हणून तेव्हाची भिशी प्रत्येकालाच हवी असते. पाळीची अदलाबदल करू द्या, पण दोघांच्याही सह्या वहीत हव्यात. अनामत भरलेली असली की अशा अदलाबदलीने बाकीच्यांचा धोका वाढत नाही.

पैसे भिशी चालवणाऱ्याच्या खात्यात गोळा करू नका. चिठ्ठी 10 तारखेला काढा आणि 12 तारखेपर्यंत प्रत्येकाने ज्याला लागली त्याच्याच खात्यात यूपीआयने भरावेत, शेरा "भिशी मार्च". पोच स्क्रीनशॉटवर धरू नका. घेणाऱ्याने स्वतःच्या खात्यात रक्कम आल्याचं पाहून वहीत नावापुढे खूण करायची. असं केलं की चालवणाऱ्याच्या हातात एक रात्रही पैसा राहत नाही आणि त्याच्यावर कधी संशय येत नाही.

बोलीची भिशी घेण्याआधी

काही भिश्यांमध्ये चिठ्ठीऐवजी बोली लागते. ज्याला गरज जास्त तो कमी रक्कम घ्यायला तयार होतो आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. समजा दुसऱ्या महिन्यात एकाने 3,600 सोडून 20,400 घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 300 आले आणि त्या महिन्याचा हप्ता 1,700 झाला. पुढे गरज कमी होत जाते, म्हणून वाटाही 270, 240 असा उतरत शेवटच्या महिन्यात शून्यावर येतो असं धरू. मग वर्षभरात प्रत्येकजण एकूण 22,350 रुपये भरतो.

दुसऱ्या महिन्यात घेणाऱ्याने 20,400 घेतले आणि भरले 22,350. 1,950 रुपये ऐकायला थोडे वाटतात, पण पैसा दर महिन्याला परत जात असतो. त्यामुळे व्याज महिन्याला दोन टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांच्या पुढे पडतं. शेवटच्या माणसाला 1,650 जास्त मिळतात, ते वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास जातात. कोणी बुडलं तर सगळ्यांत आधी आपली रक्कम अडकते, या जोखमीचा तो मोबदला आहे.

कायद्यातही दोन्हींत फरक आहे. 1982 च्या चिट फंड कायद्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे की सगळ्या सदस्यांना पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळत असेल आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी राहत असेल, तर तो व्यवहार चिट नाही. चिठ्ठीची साधी भिशी तिथे बसते. बोलीची भिशी चिटमध्ये मोडते, आणि राज्याने सूट दिलेल्या लहान रकमा सोडल्या तर ती पूर्वमंजुरी आणि नोंदणीशिवाय सुरू करता येत नाही. आणि कोणी "दोन टक्के महिना देतो, बाकी सदस्यांशी तुम्हाला काय करायचं" असं म्हणत असेल, तर ती भिशीच नव्हे, त्यात पैसे टाकू नका. बाकीचे अकरा जण तुम्हाला तोंडओळखीचेही नसतील, किंवा चालवणाऱ्याच्या एकाच वेळी चार भिश्या असतील आणि एकीची रक्कम दुसरीतून भरली जात असेल, तर पहिली चिठ्ठी निघण्याआधीच बाहेर पडा.

आवर्ती ठेवीशी तुलना

दरमहा 2,000 रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, साडेसहा टक्क्यांनी वर्षभर भरले तर व्याज साधारण 850 रुपये मिळतं. चिठ्ठीच्या भिशीत शेवटी पाळी आली तर 24,000 चे 24,000 च येतात. म्हणजे ते 850 रुपये सोडून वर जोखीमही घेतलेली असते. पहिल्या पाळीवाल्याचं उलट असतं. तेवढंच 22,000 चं कर्ज चौदा टक्क्यांनी घेऊन अकरा महिन्यांत फेडलं असतं, तर सुमारे दीड हजार व्याज गेलं असतं. ते वाचतं, आणि कर्जाचे कागदही लागत नाहीत.

म्हणून ज्याला वर्षभरात एखादा ठोक खर्च आहे आणि आरडी मध्येच मोडण्याची सवय आहे, त्याच्यासाठी भिशी चांगली. बारा शेजाऱ्यांसमोर हप्ता चुकवणं जड जातं आणि तीच तिची ताकद आहे. दवाखान्यासाठी राखून ठेवायचा पैसा मात्र भिशीत घालू नका, कारण आजारपण पाळी पाहून येत नाही. पोस्टाची आरडी हवी असेल तर ती पाच वर्षांची असते. तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, पण बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं.

शेवटची भिशी गेली की आठवड्याच्या आत मुदत ठेव मोडा, व्याजासह अनामत वाटा आणि वहीत बारा सह्या घ्या. अनामत तशीच पुढच्या फेरीत ढकलू नका. ती प्रत्येकाच्या खात्यात परत जाऊ द्या आणि नवीन फेरीची यादी त्यानंतरच करा, म्हणजे ज्याला थांबायचं आहे त्याला कारण न सांगता थांबता येतं.