फायनल इयरच्या प्रोजेक्टची पोस्ट कशी लिहायची: आयर्विन पुलाच्या पातळीचं उदाहरण

इंटर्नशिपसाठी आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. बहुतेकांच्या पोर्टफोलिओत कॉलेजचा रिपोर्टच जसाच्या तसा उतरवलेला असतो: आधी प्रस्तावना, मग लिटरेचर सर्व्हे, मग चार डायग्राम आणि शेवटी ‘अ‍ॅक्युरसी ९७ टक्के’. रिपोर्ट परीक्षकासाठी ठीक आहे. आम्हाला बघायचं असतं ते एवढंच की या पोराला किंवा पोरीला स्वतःच्या आकड्यावर शंका घेता येते का.

आमच्या सांगलीतल्या एका ज्युनिअरचा प्रोजेक्ट घेऊन सांगतो. विषय होता मशीन लर्निंग वापरून पुराचा अंदाज. चौघांचा ग्रुप, जाडजूड रिपोर्ट. तिला म्हटलं, हे नाव आधी काढून टाक. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे आणि पावसाळ्यात लोक एकच विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. तेव्हा पोस्टचं नाव ठरलं, ‘आयर्विन पुलाजवळची उद्याची पातळी आजच सांगता येते का?’

‘अ‍ॅक्युरसी ९७ टक्के’ तिच्याही रिपोर्टात होतं, आता त्याकडे येऊ. मुळात इथं अंदाज फुटांत येतो, म्हणून अ‍ॅक्युरसी हा शब्दच गैरलागू. तो आकडा होता आर-स्क्वेअर्ड, ०.९७. आणि तो इतका चांगला का आला? `train_test_split` काही सांगितलं नाही तर ओळी पिसून घेतं. त्यामुळे ६ ऑगस्ट ट्रेनिंगमध्ये, ७ टेस्टमध्ये, ८ परत ट्रेनिंगमध्ये. नदीची पातळी एका दिवसात सहसा फार बदलत नाही. मग मधला दिवस ओळखण्यात मॉडेलचं कौतुक ते काय? तिनं २०२१ चा अख्खा पावसाळा बाजूला ठेवला आणि शेजारी सगळ्यात साधा अंदाज मांडला: काल होती तेवढीच आज.

```python
df = df.sort_values("date")
df["baseline"] = df["level"].shift(1)
train = df[df["year"] < 2021]
test = df[df["year"] == 2021]
```

निकाल बघून तिचा चेहरा पडला. एरवीच्या दिवसांत साधा अंदाज आणि मॉडेल जवळपास सारखेच. पण पाणी चढत असतानाचे दिवस वेगळे काढले, तेव्हा साधा अंदाज सरासरी तीनेक फुटांनी चुकत होता आणि मॉडेल दीडेक फुटांनी. कारणही उघड आहे. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीपर्यंत यायला वेळ लागतो, आणि आदल्या दिवशीचा विसर्ग मॉडेलला दिलेला होता. पोस्टचा गाभा हाच. ०.९७ हा आकडा तिनं ठेवला, पण ‘हा का फसवा आहे’ या परिच्छेदात.

आलेख एकच घेतला: खरी पातळी, साधा अंदाज आणि मॉडेल अशा तीन रेघा, ४० आणि ४५ फुटांवर आडव्या खुणा. यूएमएलच्या आकृत्या गेल्या. (त्या कुणी वाचत नाही. परीक्षकही नाही, पण ते असो.)

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर आपला वाटा स्पष्ट लिहायचाच. तिनं लिहिलं, ‘पीडीएफ बुलेटिनमधून पातळी आणि विसर्ग काढून तक्ता करणं आणि मॉडेल तपासणं हे माझं, वेबसाइट इतर तिघांची.’ उलट यामुळेच विश्वास बसतो, कारण चौघांच्याही बायोडेटात ‘मी बनवलं’ असंच असतं. त्या बुलेटिनमध्ये काही दिवस पातळी फुटात-इंचात होती, काही दिवस दशांशात. ४२ फूट ६ इंच म्हणजे ४२.६ नव्हे, ४२.५. एवढ्या एका ओळीवरून वाचणाऱ्याला कळतं की डेटाला हिनं स्वतः हात लावलाय.

कोडच्या लिंकवर रीडमी हवं: कुठल्या कमांडनं चालतं, कुठला रकाना म्हणजे काय. टाकण्याआधी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून बघा. `C:\Users\...` असा पत्ता कोडमध्ये राहिला असेल तर तिथंच कळतं.

पोस्ट नुसती टाकून ऑफर येत नाही. पाणी, हवामान, शेती यांच्या डेटावर काम करणाऱ्या छोट्या कंपन्या तिनं शोधल्या आणि प्रत्येकीला चार ओळींचा मेल लिहिला: प्रश्न काय, सापडलं काय, लिंक आणि कधीपासून येऊ शकते. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. मोठ्या कंपन्यांत तर आधी टक्केवारीची चाळणी लागते, तिथं पोस्ट कुणी उघडतही नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं मात्र बोलावलं आणि मुलाखतीचा बराच वेळ पोस्टवरच गेला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “दोन दिवस आधीचा अंदाज हवा असेल तर उद्याचा विसर्ग कुठून आणणार?” ती म्हणाली, “तो आपल्या हातात नसतो. पाणलोटातल्या पावसाचा अंदाज घ्यावा लागेल आणि चूक वाढेल. किती, ते मोजलेलं नाही.” इंटर्नशिप मिळाल्यावर पहिलं काम तेच मोजायचं दिलं.