गूगल लॉगिन जोडताना `state` आणि खातेजोडणी

संकेतस्थळावर ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण देताना, वापरकर्त्याला गूगलकडे पाठवण्यापूर्वी किमान 128 बिटांचे यादृच्छिक `state` तयार करून ते त्याच्या सेशनमध्ये ठेवावे, परतीच्या विनंतीतील मूल्याशी ते ताडून पाहावे आणि एकदा वापरताच पुसून टाकावे. मूल्य जुळले नाही किंवा आलेच नाही, तर गूगलने परतीच्या विनंतीत पाठवलेला `code` देऊन टोकन मागण्याच्या फंदात न पडता विनंती तिथेच नाकारावी.

ही तपासणी खातेजोडणीत, म्हणजे संकेतस्थळावरील खात्याला गूगल खाते जोडताना, सर्वाधिक महत्त्वाची ठरते. ती नसल्यास हल्लेखोर स्वतःच्या गूगल खात्याचा न वापरलेला `code` असलेली परतीची लिंक आधीच लॉगिन असलेल्या व्यक्तीकडून उघडवून घेतो. मग त्याचे गूगल खाते तिच्या खात्याला जोडले जाते आणि पुढे तो राजरोस आत शिरतो.

जोडणीची नोंद ईमेलवर नव्हे, तर टोकन कोणी दिले हे सांगणारे `iss` आणि वापरकर्त्याची न बदलणारी ओळख असलेले `sub` या जोडीवर करावी, कारण ईमेल बदलू शकतो. त्याच ईमेलचे पासवर्डवाले खाते आधीपासून असेल, तर ते परस्पर जोडू नये. गूगलने `email_verified` खरे असल्याचे कळवले, तरी ते जुने खाते ईमेलची पडताळणी न करता भलत्यानेच उघडलेले असू शकते आणि त्याचा पासवर्ड जोडणीनंतरही चालत राहतो. म्हणून आधी जुन्या पासवर्डने लॉगिन करायला लावावे. तो आठवत नसेल, तर ईमेलवरील दुव्याने नवा पासवर्ड ठरवून घ्यावा, जुनी सेशन्स रद्द करावीत आणि मगच जोडणी करावी.