पार्ट पेमेंट करताय? आधी अर्जावर ‘मुदत कमी करा’ लिहा

माझा धाकटा दीर पुढच्या महिन्यात त्याच्या गृहकर्जात एकरकमी पैसे भरणार आहे. "वहिनी, तुम्ही भरले होते ना, काय काय लागतं ते लिहून द्या," म्हणाला. हो, भरले होते, आणि चुकीचे भरले होते. म्हणून ही यादी.

लोन अकाउंट नंबर, आधार, पॅन, चेकबुक हे सगळ्यांना माहीत असतं. सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते बाजूला ठेवूनच भरा. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर आधी ते फेडा, त्यांचं व्याज गृहकर्जापेक्षा बरंच जास्त असतं. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेने तो बँकांना २०१२ सालीच बंद केला. तुमचा दर फिक्स्ड असेल तर मात्र करारात बघा.

आता मुख्य गोष्ट. लेखी अर्ज द्या, त्यात ‘हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी’ हे वाक्य लिहा आणि त्यावर शिक्क्यासह पोच घ्या. मी हे केलं नव्हतं. आमचा फ्लॅट मनीषनगरला, बँकेची शाखा सीताबर्डीला. पीपीएफचे पाच लाख आले होते. काउंटरवर चेक दिला, "मुदत कमी करा" असं तोंडी सांगितलं, समोरच्यांनी मान हलवली आणि मी घरी आले. पुढच्या महिन्यात २९,५४२ ऐवजी २४,६१९ रुपयांचा हप्ता कापला गेला, आणि मला ते चांगलंच वाटलं. कर्ज कमी झालं म्हणून हप्ता कमी, अशी माझी समजूत! आठ महिन्यांनी स्टेटमेंट नीट वाचलं तेव्हा कळलं की उरलेल्या हप्त्यांची संख्या जशीच्या तशी आहे, नेहमीसारखी महिन्याला एकच कमी झालेली. तोवर दरमहा वाचलेले ४,९२३ रुपये, म्हणजे जवळपास चाळीस हजार, घरखर्चात गेले होते. ते मुद्दलात जायला हवे होते.

फरक किती पडतो ते आमच्याच आकड्यांत बघा. मुद्दल तीस लाख बाकी, दर ८.५ टक्के, १८० हप्ते शिल्लक. काहीच केलं नसतं तर पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे २३.१८ लाख व्याज गेलं असतं. पाच लाख भरून हप्ता कमी केला तर ते १९.३१ लाखांवर येतं, म्हणजे ३.८६ लाख वाचतात. तेच पाच लाख भरून हप्ता २९,५४२ वरच ठेवला तर कर्ज १३० हप्त्यांत संपतं, म्हणजे चार वर्षं दोन महिने आधी, आणि व्याज १३.२९ लाख जातं. वाचले ९.८९ लाख. पैसे तेवढेच भरले, दर तोच, फक्त अर्जावरच्या एका वाक्याने सहा लाखांचा फरक पडला.

असं का होतं, हे एका महिन्याच्या हप्त्यात दिसतं. पाच लाख भरण्याआधी २९,५४२ च्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जायचे आणि ८,२९२ मुद्दलात. भरल्यावर व्याज १७,७०८ वर येतं. हप्ता तोच असेल तर आता मुद्दलात ११,८३४ जातात. हप्ता कमी केला तर मुद्दलात फक्त ६,९११ जातात, म्हणजे पाच लाख भरूनसुद्धा दर महिन्याचं मुद्दल आधीपेक्षा हळू फिटायला लागतं! मला हे कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

पण मुदत कमी करण्यात काही जादू नाही, हेही समजून घ्या. व्याज वाचतं ते तुम्ही दरमहा जास्त रक्कम भरत राहता म्हणून. हप्ता कमी करून घेतला आणि फरकाचे ४,९२३ दर महिन्याला न चुकता स्वतः मुद्दलात भरले, तर हिशेब तिथेच येऊन पोचतो. नोकरी डळमळीत असेल, घरात आजारपण असेल, तर हप्ता कमी करणं शहाणपणाचं आहे, कारण बंधन कमी होतं आणि जमेल त्या महिन्यात जास्त भरता येतं. फक्त ते ठरवून करा. माझ्यासारखं आपोआप होऊ देऊ नका. कुठे हप्ता आपोआप कमी होतो, कुठे मुदत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. शेजाऱ्याच्या बँकेत जे झालं ते तुमच्याकडे होईल असं धरून चालू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

ऑनलाइन भरत असाल तर आणखी सांभाळा. नुसती रक्कम लोन अकाउंटला टाकली तर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते, मुद्दल कमी होतच नाही. अॅपमध्ये पार्ट पेमेंटचा वेगळा पर्याय शोधा, त्यात मुदत की हप्ता असं विचारलं तर निवडलेल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. विचारलंच नाही, तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. हो, पुन्हा तेच सांगते आहे. काउंटरवरची व्यक्ती कितीही ओळखीची असो, "झालं ताई, काळजी करू नका" यावर उठून येऊ नका. चेक असेल तर मागे लोन नंबर आणि ‘मुद्दलात जमा’ लिहा.

भरल्यावर आठ-दहा दिवसांत नवीन रिपेमेंट शेड्यूल मागा. त्यात तीन आकडे बघा: बाकी मुद्दल पाच लाखांनी उतरलं का, हप्ता तोच आहे का, हप्त्यांची संख्या १८० वरून १३० च्या आसपास आली का. तिसरा आकडा बदलला नसेल तर पोच घेऊन त्याच दिवशी शाखेत जा. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे सांगायला तोंड नव्हतं. नवा अर्ज देऊन हप्ता पूर्ववत करून घ्यावा लागला.

पुढे दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांची संख्या तपासत राहा. दर वाढला की बऱ्याचदा हप्ता न वाढता मुदत वाढते, आणि कमावलेले महिने परत जातात. २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकेने तिमाहीनंतर हप्ता, उरलेले हप्ते आणि दर कळवायचा असतो, तो कागद वाचा.

करासाठी: जुनी पद्धत घेत असाल तर भरलेलं मुद्दल दीड लाखाच्या मर्यादेत धरता येतं. व्याजाचा दाखला नव्याने मागा, ऑफिसला दिलेला जुना चालणार नाही. पोचेची झेरॉक्स घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावा.