फणसाच्या बागेने माझा एमसीपी कसा वाचवला (९५ टक्के लावण्याआधी वाचा)

होम रेंजचं, म्हणजे प्राण्याच्या नेहमीच्या वावराचं क्षेत्र काढायचं काम नव्याने हातात घेतलेल्यांसाठी लिहितोय. पॉइंट लोड करणं, UTM मध्ये आणणं (आपल्या बेळगाव भागाला EPSG:32643) हे तुम्हाला येतं असं धरतो. मी अडकलो त्याच्या पुढे, कुठला पॉइंट ठेवायचा आणि कुठला काढायचा यात, आणि ते अजून खुपतं.

खानापूरच्या पश्चिमेला ओढ्याकाठची वानरांची एक टोळी मी जानेवारी ते मे बघत होतो. हुप्प्याचा डावा कान फाटलेला, त्यामुळे ओळख पक्की. रोज सकाळी टोळी दिसली की एकच पॉइंट, असे ८४ जमले. सगळे धरून एमसीपी, म्हणजे बाहेरचे पॉइंट जोडून होणारा पॉलिगॉन काढला तर ३.८ चौ. किमी. गाइड सर म्हणाले, "९५ लाव, सगळे लावतात." लावलं, म्हणजे सगळ्यात लांबचे पाच टक्के पॉइंट सोडून दिले, तर ०.८४ आलं, आकार पण छान गोल, मी खूश. चॅप्टरसुद्धा लिहून टाकला.

मग एकदा सहज बघितलं की काढले गेलेले पॉइंट नेमके कुठले. खरं तर हे पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं:

```
xy <- st_coordinates(p)
d <- sqrt((xy[,1]-mean(xy[,1]))^2 + (xy[,2]-mean(xy[,2]))^2)
p[d > quantile(d, 0.95), ]
```

R मधल्या adehabitatHR पॅकेजचं mcp() आतमध्ये एवढंच करतं: सगळ्या पॉइंटची सरासरी जागा काढतं आणि तिथून सगळ्यात लांबचे टाकून देतं. प्राणी तिथे का गेला, किती वेळा गेला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. माझे पाच गेले होते. एक ओढ्यापासून तीन किलोमीटर दक्षिणेला, उरलेले चार पूर्वेला दीड किलोमीटरवर एकाच जागी.

दक्षिणेचा सोपा निघाला. फील्डबुकात अक्षांश 15.6412 होता, मी शीटमध्ये 15.6142 टाइप केलेला. दोन आकडे उलटे झाले आणि वानरं तीन किलोमीटर उडाली. असला पॉइंट काढायचा नसतो, दुरुस्त करायचा, कारण ती सकाळ खरीच होती. दुरुस्त केल्यावर तो मधोमध जाऊन बसला.

पूर्वेचे चार म्हणजे फणसाची बाग, सगळे मे महिन्यातले. बागवाल्या मामांना विचारलं तर ते हसायलाच लागले, "रोज येऊन खायलेत की, तूच येत नाहीस हिकडं." आणि खरंच होतं ते. रोज मी ओढ्यापासून शोधायला सुरुवात करायचो (खोली तिथून जवळ, चहा पण तिथेच), नाही दिसली तर "सापडली नाही" लिहून परत. असे १७ दिवस, बहुतेक मे मधलेच! बागेकडे मी फक्त सहा सकाळी गेलो आणि त्यातल्या चार वेळा टोळी तिथे होती. म्हणजे ८४ मध्ये चार हा आकडा माझ्या पायांचा होता, वानरांचा नव्हे. सरासरी जागा ओढ्याला चिकटली ती मी तिथे जास्त उभा होतो म्हणून, आणि त्या सरासरीने बागेला आउटलायर ठरवलं.

गंमत म्हणजे टायपिंगची चूक सुधारून परत ९५ लावलं तरी पाच जातातच, बागेचे चार आणि कडेचा एक बिचारा. पाच टक्के काढायला सांगितलं की ते काढणारच, डेटा कितीही स्वच्छ असो.

होम रेंजची व्याख्या करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञ बर्टने १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की कधीमधी बाहेर मारलेली चक्कर होम रेंजमध्ये धरू नये. बरोबर आहे, पण चक्कर कशाला म्हणायचं ते फील्डबुक ठरवतं. टोळी एकदाच लांब दिसली, काही न खाता परत फिरली, तर ती चक्कर. चार वेळा त्याच झाडांवर बसून खात होती तर ते तिचं घरच की. आणि कान नीट दिसला नसेल, शेजारची टोळी असू शकेल, तर तो पॉइंट जवळचा असला तरी काढा, हे मात्र निर्दयपणे करा. माझा तसा एकही नव्हता, हे नशीब.

आता मी प्रत्येक लांबच्या पॉइंटपुढे एक कॉलम ठेवतो, "का", आणि कारण लिहिता आलं नाही तर पॉइंट ठेवतो. शेवटी १०० टक्क्यांवर १.१५ चौ. किमी दिलं, शेजारी ९५ चा आकडा आणि कुठले पाच त्यात गेले तेही. ओढा आणि बाग यांच्यामधली भातशेती पॉलिगॉनमध्ये आली, जिथे टोळी मला एकदाही दिसली नाही. एमसीपी बाहेरचे कोपरे जोडून मधलं सगळं भरून घेतं, त्याला इलाज नाही, एक ओळ लिहून मोकळं व्हायचं.

तुमचा चॅप्टर लिहून झाला असेल तरी घाबरू नका, माझं सगळं परत करायला दोन दिवस लागले. त्या १७ रिकाम्या सकाळी मात्र परत मिळाल्या नाहीत.