श्वास पुढच्या ओळीचा

फोंड्यातल्या एका भजनी गायिकेच्या अभंगाचा कॉम्प, म्हणजे अनेकदा गाऊन घेतलेल्या टेकमधल्या ओळी निवडून जोडलेलं गाणं, दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला. ओळ न् ओळ सुरेल, तरी गाणं ठिगळं लावल्यासारखं वाटत होतं. आवाज सोलो करून ऐकला आणि कारण सापडलं. अंतऱ्यातली लांब ओळ दुसऱ्या टेकमधली होती, पण तिच्याआधीचा श्वास मात्र मागच्या टेकचाच, अगदी तोकडा. एवढ्याशा श्वासावर एवढी लांब ओळ कानाला पटतच नाही.

मग मी जोड श्वासाच्या आधी, शांत जागेत नेला. ज्या टेकची ओळ, त्याच टेकचा श्वास. एक टेक विरत असताना दुसरा उमटवणारा १५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड तिथे पुरला.

‘विठ्ठल’मध्येही एक जोड होता, तो ‘वि’च्या स्वरावर, म्हणून आवाज क्षणभर थरथरायचा. दोन टेकमधला स्वर हुबेहूब जुळत नाही. ‘ठ्ठ’ म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि आवाज पूर्ण थांबतो. काप तिथे सरकवला, थरथर गेली.

उशिराच्या टेकमध्ये आवाज जड झाला होता. तो फरक कापाने लपत नाही. त्या ओळी काढून मूळ टेकच ठेवला, सूर किंचित उतरलेला असूनही. भाव तिथेच सलग होता.